आजची विक्री, उद्याची जमा

सोमवारी रात्री साडेनऊला किराणा दुकानाचे शटर अर्धे खाली येते. गल्ल्यातल्या नोटा मोजून होतात, रोख शिल्लक रोजमेळाशी जुळते. मग दुकानदार मोबाइलवर दिवसभराचा ऑनलाइनचा आकडा पाहतो आणि तो ‘बँकेत जमा’ म्हणून वहीत उतरवतो. मंगळवारी बँकेत प्रत्यक्ष आलेली रक्कम शंभर-सव्वाशेने कमी निघते. एवढ्याशा फरकासाठी कोण डोके लावणार, म्हणून तो सोडून देतो. वर्षअखेरीला वही आणि पासबुक यांत काही हजारांचे अंतर पडलेले असते, आणि ते कुठल्या दिवशी पडले हे कोणालाच सांगता येत नाही.

दुकानदाराची बेरीज बरोबर असते. त्याच्या वहीत एक खाते कमी असते.

गिऱ्हाईक ‘स्कॅनर कुठंय?’ असे विचारते तेव्हा गल्ल्याजवळच्या स्टँडीकडे बोट जाते. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात दुकानाचा यूपीआय पत्ता आणि नाव असते. तो पत्ता वैयक्तिक असेल, तर प्रत्येक गिऱ्हाइकाचे पैसे थेट आणि लगेच बचत खात्यात पडतात. दिवसाला नव्वद गिऱ्हाइके म्हणजे पासबुकात नव्वद ओळी, आणि त्यांतच घरचे व्यवहारही मिसळलेले. व्यापारी क्यूआरची रीत बहुधा वेगळी असते. दिवसभराचे पैसे आधी सेवा देणाऱ्या कंपनीच्या हिशेबात गोळा होतात आणि दुसऱ्या दिवशी एकरकमी दुकानाच्या खात्यात येतात. यालाच सेटलमेंट म्हणतात. काही कंपन्या त्याच दिवशीही पैसे देतात.

म्हणजे सोमवारी रात्री मोबाइलवर दिसणारा आकडा बँकेतली शिल्लक नसतो. ते कंपनीकडून येणे असते. गावच्या गिऱ्हाइकाकडची उधारी आपण त्याच्या नावाने खतावणीत लिहितो, तसेच हे येणेही लिहायला हवे. खतावणीत एक पान उघडावे, वर लिहावे ‘स्कॅनर येणे’, खाली दोन रकाने आखावेत: ‘यायचे’ आणि ‘आले’.

एक दिवस मांडून पाहू. समजा सोमवारची एकूण विक्री 18,460 रुपये झाली. त्यात रोख 6,920, उधार 1,500 आणि गल्ल्यावरच्या कच्च्या वहीप्रमाणे स्कॅनरवर 10,040. अ‍ॅप मात्र दिवसाची जमा 10,520 दाखवते, म्हणजे 480 रुपये जास्त. जास्त आले म्हणून खूश होऊन पान उलटायचे नाही. अ‍ॅपमधली यादी उघडून वहीतल्या एकेका रकमेवर खूण करत जायचे. शेवटी ज्या रकमा खुणेशिवाय उरतात, तेवढ्यांचाच शोध घ्यावा लागतो.

इथे दोन रकमा उरतात. अ‍ॅपमध्ये 650 रुपये आहेत, पण त्या रकमेचा माल आज विकलेला नाही. एका गिऱ्हाइकाने मागच्या महिन्याची उधारी स्कॅन करून चुकती केली होती. ती आजची विक्री नव्हे, त्याच्या खात्यावरची वसुली आहे. दुसरी रक्कम 170 ची, ती वहीत आहे आणि अ‍ॅपमध्ये नाही. संध्याकाळच्या गर्दीत गिऱ्हाइकाने मोबाइल दाखवला, ‘झाले’ म्हटले आणि माल घेऊन गेले. 10,040 मध्ये 650 मिळवले आणि 170 वजा केले की बरोबर 10,520 येतात.

आता 170 चे काय? गिऱ्हाईक खोटे बोलले असेलच असे नाही. कधी त्याच्या खात्यातून पैसे जातात आणि दुकानापर्यंत पोहोचत नाहीत, व्यवहार ‘पेंडिंग’ राहतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमाप्रमाणे दुकानाला पोच न मिळालेली अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप गिऱ्हाइकाला परत जायला हवी. उशीर झाला तर त्याला दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. म्हणून ही रक्कम त्या गिऱ्हाइकाच्या नावाने उधारीत लिहावी आणि त्याच्याकडून बारा आकडी यूटीआर क्रमांक मागून शेजारी टिपून ठेवावा. पैसे उशिरा आले तर क्रमांकावरून ओळख पटते, परत गेले तर गिऱ्हाइकाकडून घेता येतात.

सोमवारी रात्री ‘स्कॅनर येणे’च्या ‘यायचे’ रकान्यात 10,520 लिहिले. मंगळवारी बँकेत एकच जमा दिसते, 10,395 ची. सेटलमेंटचा अहवाल उघडला की 125 रुपये साउंडबॉक्सचे भाडे म्हणून कापलेले सापडतात. मग ‘आले’ रकान्यात 10,395 बँकेचे आणि 125 भाडेखर्चाचे लिहायचे. बेरीज 10,520, सोमवारचे येणे फिटले. बँकेतल्या या एकरकमी जमेलाही स्वतःचा यूटीआर असतो. तो गिऱ्हाइकांच्या क्रमांकांपेक्षा वेगळा असतो, त्यामुळे पासबुकात गिऱ्हाइकाचा क्रमांक शोधत बसू नये. कुठल्या व्यवहाराचे पैसे कुठल्या जमेत आले, हे अहवालातच कळते.

कपात आणखी एका कारणाने होऊ शकते. बँक खात्यातून केलेल्या साध्या यूपीआय व्यवहारावर 1 जानेवारी 2020 पासून दुकानदाराला शुल्क नाही. पण गिऱ्हाइकाने यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डातून 2,000 रुपयांहून मोठी रक्कम भरली, तर शुल्क लागू शकते. त्याचा खर्चही भाड्यासारखाच वेगळा लिहावा, विक्रीतून परस्पर वजा करू नये.

या पानाचा खरा उपयोग रोजच्या तपासणीत आहे. दुसऱ्या दिवशी पैसे येत असतील, तर रात्री या पानावर फक्त त्या दिवसाचे येणे उरायला हवे. त्याहून जास्त उरले तर एखादी जमा अडकली आहे, कमी उरले तर एखादा दिवस लिहायचा राहिला आहे. मध्यरात्रीनंतर उघड्या असणाऱ्या औषधाच्या दुकानाने किंवा हॉटेलने मात्र अ‍ॅपचा दिवस किती वाजता संपतो ते पाहून घ्यावे. बाराला संपत असेल, तर साडेबाराचे बिल उद्याच्या जमेत जाते.

जुळणीतला बराच घोळ गल्ल्यावरच टाळता येतो. पैसे आल्याचा पुरावा आपल्या बाजूला असतो, गिऱ्हाइकाच्या पडद्यावर नाही. हुबेहूब दिसणारा खोटा पडदा दाखवता येतो. साउंडबॉक्स बोलला तर पैसे आले. तो गप्प राहिला तर आलेच नाहीत, असे मात्र समजू नये. त्यात स्वतःचे सिमकार्ड असते, नेटवर्क गेले किंवा बॅटरी उतरली की तो मुका होतो. तेव्हा आपल्या मोबाइलवरची यादी पाहावी. बाहेर ठेवलेल्या स्टँडीवर कोणी रात्रीतून स्वतःचा कोड चिकटवल्याचे प्रकार घडले आहेत. सकाळी घरच्या मोबाइलवरून एक रुपया स्कॅन करून दुकानाचेच नाव येते का हे पाहिले, तर हे लगेच उघडकीला येते.

जुलै 2025 मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवरच्या जमेच्या आकड्यांवरून लहान व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या आणि बंगळूरमध्ये काही दुकानांतून स्टँडी हटल्या. मालाच्या विक्रीत नोंदणीची मर्यादा साधारणपणे वर्षाला 40 लाख रुपये आहे, आणि ती उलाढालीची आहे. स्कॅनरवर आलेला प्रत्येक रुपया त्या वर्षाची विक्री असेलच असे नाही. जुन्या उधारीची वसुली असेल, घरच्या माणसाने पाठवलेले पैसे असतील. पण हे नुसते सांगून भागत नाही, दाखवावे लागते. सोमवारचे ते 650 रुपये विक्रीत न मिसळता गिऱ्हाइकाच्या खात्यावर लिहिले असतील, तर दोन वर्षांनी विचारणा झाली तरी वहीचे पान उघडून समोर ठेवता येते.