ही खोली कुठून मोजली?

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा गटप्रकल्प पहिल्या दिवशी चौघांच्या हातात असतो आणि शेवटच्या महिन्यात एकाच्या गळ्यात. एकाला इंटर्नशिप लागते, एकीच्या घरी लग्न निघतं, आणि जो उरतो त्याला एक फोल्डर मिळतं. आत `final.xlsx`, `final_new.xlsx` आणि `final_new_2.xlsx`, सोबत एक मेसेज: ‘सगळं आत आहे, काही अडलं तर फोन कर.’ फोल्डरमध्ये आकडे असतात, पण त्यांचा अर्थ निघून गेलेल्या गड्याच्या डोक्यात असतो. तो अर्थ कागदावर उतरवायची जागा म्हणजे डेटा डिक्शनरी. तक्त्यातल्या प्रत्येक कॉलमला त्यात एक नोंद मिळते: काय मोजलं, कुठून मोजलं, कोणत्या एककात, कोणते आकडे शक्य आहेत आणि रकाना रिकामा असेल तर का.

समजा, पुरंदर तालुक्यातल्या चार गावांतल्या ४६ विहिरी एका गटाने निवडल्या. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात, मग जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात पाण्याची पातळी मोजायची. ४६ विहिरी, चार फेऱ्या, म्हणजे १८४ ओळींचा तक्ता. ऑक्टोबरची फेरी एकीने केली, जानेवारीची तिच्या जागी आलेल्या दुसऱ्याने. तक्त्यात एक कॉलम आहे, `kholi`. बारावा क्रमांक असलेल्या विहिरीत ऑक्टोबरला ७.४ आणि जानेवारीला ६.८. खोली कमी झाली, म्हणजे पाणी ६० सेंटिमीटर वर आलं.

पण ऑक्टोबर ते जानेवारी तिकडे पाऊस नसतो, उलट रब्बीचा उपसा सुरू असतो. मग पाणी वर कसं येईल? विहिरीवर जाऊन पाहिलं की उलगडा होतो. पहिलीने टेप कठड्याच्या माथ्यावरून सोडला होता आणि कठडा ०.९ मीटर उंच आहे. जमिनीपासून मोजलं तर तिचा आकडा ६.५ होतो. दुसऱ्याने मात्र कठड्याची उंची वजा करूनच आकडा लिहिला. म्हणजे पाणी ६.५ वरून ६.८ वर गेलं, ३० सेंटिमीटर खाली उतरलं. दोघांचंही मोजमाप चोख होतं, पण निष्कर्ष मात्र उलटा निघाला.

असा घोटाळा तक्त्यातच ओळखता येतो, फक्त कुठे पाहायचं ते ठाऊक हवं. एखाददुसऱ्या विहिरीचं पाणी वर आलं तर कालवा, पाझर तलाव, शेजारचा बंद पडलेला पंप अशी कारणं असू शकतात. पण एकाच माणसाने मोजलेल्या सगळ्या विहिरींत पाणी साधारण कठड्याच्या उंचीइतकंच वर आलेलं दिसलं, तर ते भूजल नव्हे, टेप आहे. म्हणून ‘कोणी मोजलं’ हा कॉलम मी प्रत्येक गटाला आग्रहाने ठेवायला सांगतो. मुलांना वाटतं सर हजेरी घेताहेत.

या कॉलमची डिक्शनरीतली नोंद अशी असायला हवी: ‘`pani_khol_m` – जमिनीच्या पातळीपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मीटरमध्ये, एका दशांश स्थळापर्यंत. टेपवरचं वाचन कठड्याच्या माथ्यावरून घेतलं असून त्यातून कठड्याची उंची वजा केली आहे. मूळ वाचन `vachan_m` मध्ये जसंच्या तसं आहे. शक्य आकडे ० ते २५. आकडा जितका मोठा तितकं पाणी खोल.’ शेवटचं वाक्य बाळबोध वाटतं, पण आलेखाचा अक्ष उलटा काढायचा की सुलटा हे त्यावरच ठरतं. हिशेब एका ओळीचा आहे, तोही लिहून ठेवावा:

```
pani_khol_m = vachan_m - kathada_m
```

एकक कॉलमच्या नावातच घातलेलं बरं. नावातला `_m` हा आकडा जिथे जाईल तिथे सोबत जातो. डिक्शनरी वेगळी फाइल असल्याने कधीतरी मागे राहते. आणि विहिरीच्या एकूण खोलीबद्दल तर जास्तच जपायला हवं, कारण ती बऱ्याचदा मालक सांगतो आणि जुनी माणसं ती परसात सांगतात. ‘सात परस’ याचे नेमके मीटर होत नाहीत; परस माणसाच्या उंचीवर बेतलेलं माप आहे. तेव्हा सांगीव आकडा वेगळ्या कॉलममध्ये ठेवावा आणि नोंदीत ‘मोजलेला नाही, मालकाने सांगितलेला’ असं लिहावं. त्याचे परस्पर मीटर करून मोजलेल्या आकड्यांत मिसळू नयेत.

पण सगळ्यात जास्त नुकसान करतो तो शून्य. मे महिन्यात विहीर कोरडी ठणठणीत आहे. लिहिणाऱ्याने सरळ मनाने ० लिहिला: पाणी शून्य. पण हा कॉलम पाण्याच्या खोलीचा आहे आणि खोली शून्य म्हणजे विहीर जमिनीपर्यंत तुडुंब भरलेली. एका गावात दहा विहिरी आहेत, सातांत पाणी सरासरी १२ मीटरवर आहे आणि तीन कोरड्या आहेत. तिथे शून्य धरले तर सरासरी ८.४ मीटर येते. जितक्या विहिरी आटतील तितकं गाव पाणीदार दिसत जाईल.

मोठमोठ्या संग्रहांतही हे घडलं आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सजवळच्या पिमा समाजातल्या ७६८ स्त्रियांची मधुमेहविषयक माहिती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या संग्रहात १९९० मध्ये दाखल झाली होती. आपल्याकडे मशीन लर्निंग शिकणारी मुलंही सरावाला बहुधा हीच फाइल घेतात. तिच्यात ३५ जणींचा रक्तदाब शून्य आहे आणि ३७४ जणींचं इन्सुलिन शून्य. जिवंत माणसाचा रक्तदाब शून्य नसतो. तिथे मोजणीच झालेली नव्हती. तरी या फाइलमध्ये एकही नोंद गाळलेली नाही, असंच २८ फेब्रुवारी २०११ पर्यंत तिच्या वर्णनात लिहिलेलं होतं. एका वापरकर्त्याने दाखवून दिल्यावर ते बदललं. तोवर कितीजणांनी ते शून्य खरे धरून सरासऱ्या काढल्या असतील, देव जाणे.

आपल्या विहिरींसाठी उपाय सोपा आहे. आकडा नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा आणि कारण `sthiti` या शेजारच्या कॉलममध्ये कोडने लिहायचं. १ म्हणजे मोजलं, २ म्हणजे विहीर कोरडी, ३ म्हणजे पंप चालू होता किंवा नुकताच बंद केला होता, ४ म्हणजे पोचता आलं नाही. तिसरा कोड मुलं हमखास विसरतात. पंप चालू असताना पाणी तात्पुरतं खाली ओढलेलं असतं, ते विहिरीची खरी, स्थिर पातळी सांगत नाही. अशा वेळी वाचन `vachan_m` मध्ये राहू द्यावं, पण `pani_khol_m` रिकामा सोडावा. कोरड्या विहिरींचीही एक मेख आहे. त्या सरासरीतून वगळल्या तरी चित्र खऱ्यापेक्षा बरंच दिसतं, कारण त्यांचं पाणी तळाच्याही खाली गेलेलं असतं. म्हणून सरासरीच्या शेजारी ‘१० पैकी ३ कोरड्या’ हे छापायचंच, असं डिक्शनरीत लिहून ठेवावं.

तारखेचा घोळ एक्सेल करतं. ५ ऑक्टोबर म्हणून कोणी 05/10/2024 लिहिलं आणि संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असली, तर तो ती १० मे समजतो. आपल्या प्रकल्पात या दोन नेमक्या वर्षाच्या दोन टोकांच्या फेऱ्या: एक पावसाळ्यानंतरची, दुसरी ऐन उन्हाळ्याची. बाराच्या पुढच्या दिनांकांचा महिना होऊ शकत नाही, म्हणून त्या तारखा तशाच मजकूर म्हणून राहतात. कॉलम नुसता पाहिला तरी कळतं: काही तारखा उजवीकडे सरकलेल्या, काही डावीकडे चिकटलेल्या. 2024-10-05 असं वर्ष आधी लिहायचं ठरवलं की प्रश्न मिटतो.

डिक्शनरी कॉलमचा अर्थ सांगते; बाकीचं `README.txt` मध्ये जातं. ही फाइल दोन पानांपेक्षा मोठी झाली की कोणी वाचत नाही. प्रकल्पाचा प्रश्न एका वाक्यात, मूळ आकडे कुठे आहेत, कोणती फाइल कशातून तयार झाली आणि कोणत्या क्रमाने, आणि काय अर्धवट आहे, एवढं पुरे. मूळ आकड्यांच्या फोल्डरला कोणीही हात लावायचा नाही. दुरुस्त्या पुढच्या फाइलमध्ये. विहिरींच्या मालकांची नावं आणि फोन नंबर या फोल्डरमध्ये नकोत. तक्त्यात V12 एवढंच, आणि V12 कोणाची ही यादी मार्गदर्शकाकडे.

माझ्या मते README पेक्षाही मोलाची असते निर्णयांची वही, आणि नेमकी तीच कोणी ठेवत नाही. तिच्यातली एक नोंद पाहा: ‘१४ फेब्रुवारी. V17 जानेवारीपासूनच्या तुलनेतून वगळली. डिसेंबरात मालकाने गाळ काढून विहीर दोन मीटर खोल केली. तीन ओळींवर परिणाम. ऑक्टोबरची ओळ कायम.’ ही नोंद नसेल तर नवा गडी १८४ ओळी मोजतो, अहवालात १८१ दिसतात, आणि तीन ओळी कुठे गेल्या ते शोधण्यात आठवडा घालवतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे चूक समजून त्या परत घालतो.

हस्तांतर झालं की नाही हे विचारून कळत नाही, कारण ‘समजलं ना?’ याला सगळे हो म्हणतात. फोल्डर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर टाकावं, देणाऱ्याने शेजारी बसून तोंड बंद ठेवावं, आणि घेणाऱ्याने नुसतं लिहिलेलं वाचून एक आधी ठरवलेला आकडा काढून दाखवावा. मे महिन्यात कोणत्या गावात किती विहिरी कोरड्या होत्या, एवढंही चालेल. तो जिथे अडेल, तिथे उत्तर तोंडी द्यायचं नाही. तिथल्या तिथे डिक्शनरीत लिहायचं. पुढे फोनवर सांगितलेल्या गोष्टींनाही हाच नियम, नाहीतर अर्धी डिक्शनरी व्हॉट्सॲपवर जमा होते.

हे सगळं उशिरा सुचलं तर थोडंच वाचवता येतं. कठड्याची उंची लिहायची राहिली असेल तर आजही जाऊन मोजता येते, कठडा तिथेच आहे. फक्त मधल्या काळात तो नव्याने बांधला का, हे मालकाला विचारावं. पण त्या ऑक्टोबरच्या सकाळी पंप चालू होता की बंद, हे आता कोणी सांगू शकत नाही. अशा ओळींसाठी `sthiti` मध्ये ९ हा कोड ठेवावा, ‘माहीत नाही’ असा. आणि निघून जाणाऱ्याने जायच्या आधी, अंदाजाने लिहिलेले सगळे १ पुसून तिथे ९ करून जावं.