आधी एक मिळवा, मग हुकूम आणा

मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न व जेफ टूटिल यांनी उभारलेल्या आणि पुढे ‘बेबी’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या यंत्राने २१ जून १९४८ रोजी स्वतःच्या स्मृतीत साठवलेला कार्यक्रम प्रथमच चालवला. त्याची एकंदर स्मृती ३२ ओळींची, आणि प्रत्येक ओळ ३२ बिटांची. एवढ्या तुटपुंज्या दप्तरामुळेच हुकमाचा प्रवास येथे जितका उघडा दिसतो तितका आजच्या यंत्रात दिसत नाही.

आज आपण ज्यांना प्रोग्राम काउंटर व इन्स्ट्रक्शन रजिस्टर म्हणतो, ती दोन्ही पदे येथे एकाच कॅथोड किरण नळीवर नांदत होती: पहिल्यात ओळीचा क्रमांक, दुसऱ्यात त्या ओळीवरून उतरवून घेतलेला हुकूम. पुढील चार ओळी पाहा. विसाव्या ओळीत ७, एकविसाव्यात ५ व तेविसाव्यात ० आहे असे समजू.

```
1  LDN 20
2  SUB 21
3  STO 22
4  JMP 23
```

आरंभी काउंटर शून्यावर असतो. पहिल्या ठेक्याला त्यात एक मिळवला जातो; दुसऱ्याला पहिल्या ओळीची नक्कल रजिस्टरात उतरते; तिसऱ्याला तिचा उलगडा होतो, म्हणजे आरंभीचे पाच बिट ००१०१ हे, लहान स्थान डावीकडे लिहिण्याच्या त्या यंत्राच्या रिवाजाप्रमाणे, वीस ही ओळ दाखवतात, आणि तेरा ते पंधरा या स्थानांवरचे ०१० हे ‘ऋण करून आण’ असे सांगतात; चौथ्याला अंमल होऊन संचायकात उणे ७ येतो. या चारही ठेक्यांना मिळून सुमारे १.२ मिलिसेकंद लागत. पुढच्या फेरीत ५ वजा होऊन उणे १२ होतो, आणि तिसऱ्या फेरीत तो बाविसाव्या ओळीत जमा होतो.

खरी मेख चौथ्या ओळीत आहे. आधी एक मिळवायचा आणि मग हुकूम आणायचा, हा येथील शिरस्ता (पुढच्या पुष्कळ यंत्रांनी तो उलटा केला) असल्यामुळे पहिल्या ओळीवर परतण्यासाठी तेविसाव्या ओळीत १ नव्हे, ० ठेवावा लागतो: JMP त्या ओळीतला शून्य काउंटरात घालतो, आणि पुढील फेरीचा पहिला ठेका त्याचा एक करतो. नवख्याने तेथे १ लिहिला, तर काउंटर थेट दोनावर जाईल, LDN गळेल, आणि जुन्या उणे १२ मधूनच पुन्हा ५ वजा होत राहतील.

ही चूक यंत्र भरधाव असताना उमगणे कठीण. पण एकेक हुकूम हाताने चालवण्याची कळ दाबत नळीच्या पडद्याकडे पाहिले, की JMP नंतर काउंटर शून्याऐवजी एकावर उभा राहून पुढच्या दाबाला दोनावर जाताना दिसतो, आणि संचायकात उणे १२, उणे १७, उणे २२ अशी उतरंड लागते.