सावकाराला तुरी कोणी दिल्या?

आज एकच वाक्य घेणार आहे. ते माझं नाही, एका पत्रातलं आहे. माझ्याकडे एक जर्मन बाई मराठी शिकायला येत असत. तीन वर्षं शिकल्या, वाचन चांगलं होतं. त्यांच्या ओळखीची एक मुलगी तिकडेच जन्मलेली, मराठी न वाचता येणारी. तिच्या आजीबद्दल गावाकडून एका नातेवाइकाचं पत्र आलं, आणि ते जर्मनमध्ये करून द्यायचं काम या बाईंकडे आलं. पत्रातलं मुख्य वाक्य असं होतं:

'थोरल्यानं दुकानाचे तीनतेरा वाजवले, धाकट्यानं ऐन वेळी हात वर केले, सावकाराच्या हातावर तुरी देऊन थोरला पसार झाला, आणि म्हातारीनं शेतातल्या आपल्या वाट्यावर पाणी सोडलं पण तोंडातून ब्र काढला नाही.'

आपल्याला यात काही अडत नाही. बाईंनी त्याचा कच्चा खर्डा आणला, त्यात दोन ठिकाणी प्रश्नचिन्हं होती: 'तीनतेरा' आणि 'ब्र'. बाकी सगळं त्यांना समजलं होतं, म्हणजे समजलं असं वाटलं होतं. धाकट्यानं मारायला हात उगारला. थोरल्यानं सावकाराचं देणं तुरीच्या रूपात फेडलं आणि मग तो निघून गेला. आजीनं आपल्या वाट्याच्या शेताला पाणी दिलं.

हसू नका. शेत आहे, तूर शेतात पिकते, देणं धान्यानं फेडलं जात असे, आणि पाटाचं पाणी शेतावर सोडतातच. कथा सुसंगत आहे. फक्त ती खरी नाही.

मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त लक्षणेच्या अटी सांगितल्या आहेत. पहिली अट मुख्यार्थबाध, म्हणजे सरळ अर्थ तिथे बसत नाही, अडतो. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे म्हटलं की प्रवाहावर वस्ती कशी असेल, असं मन विचारतं आणि काठाकडे वळतं. मग सरळ अर्थाशी काही संबंध असावा लागतो. आणि रूढी तरी हवी किंवा काही प्रयोजन तरी. आपले वाक्प्रचार बहुतेक रूढीच्या खात्यात जातात. पण आजच्या कामाची अट पहिलीच आहे. बाईंना 'तीनतेरा'पाशी बाध जाणवला, म्हणून त्या थांबल्या. 'तुरी'पाशी बाध जाणवलाच नाही. तेव्हा विचित्र दिसणारा वाक्प्रचार अनुवादकाला फसवत नाही, तो त्याला कोशाकडे पाठवतो. फसवतो तो, ज्याचा सरळ अर्थही तिथे खपून जातो. दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश बाईंच्या टेबलावरच होता हो! पण इथे वाक्प्रचार आहे हे आधी कळल्याशिवाय कोश उघडणार कोण?

म्हणून हे काम ज्याला मराठी घरातून मिळाली आहे त्यानं करायचं. आपल्यालाही वाक्प्रचार दिसत नाहीत, ते इतके अंगवळणी पडलेले असतात. मी एक साधी युक्ती वापरतो. वाक्यातल्या प्रत्येक नामाला प्रश्न विचारायचा. किती तुरी दिल्या? कोणता हात वर केला? पाणी विहिरीचं की पाटाचं? ज्या प्रश्नावर पत्र लिहिणारा हसेल, तिथे वाक्प्रचार आहे. 'कोणतं दुकान?' या प्रश्नावर तो हसणार नाही, उत्तर देईल.

ओळखणं झालं. आता पुन्हा लिहायचं. पहिला मोह असा होतो की एका वाक्प्रचाराच्या जागी दुसरा सोपा ठेवावा. तीनतेरा वाजवले म्हणजे दुकान बुडवलं. पण बुडवलं कशात? तेही रूपकच. 'बंद पडलं' म्हणावं तर त्यातही पडणं आहेच. या वाटेनं गेलात तर तळ लागत नाही, कारण भाषेत संपूर्ण निरलंकार वाक्य सापडणं कठीण. मी हद्द अशी ठरवतो: साध्या शब्दकोशात त्या शब्दाखाली जो अर्थ सरळ मिळेल, तिथे थांबायचं. 'बंद पडणे' मिळतं, म्हणून ते चालेल.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. वाक्प्रचार सोडवायला लागलं की लक्षात येतं, त्यानं बरंच काही न सांगता सोडलेलं आहे. थोरल्यानं दुकान मुद्दाम बुडवलं की त्याला चालवता आलं नाही? 'तीनतेरा वाजवले' दोन्हीला चालतं. धाकट्यानं 'हात वर केले' म्हणजे त्याच्याकडे पैसे नव्हते की असून दिले नाहीत? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजीनं वाट्यावर 'पाणी सोडलं' म्हणजे काय केलं? दान देताना हातावरून पाणी सोडतात, त्यावरून हक्क सोडणं असा अर्थ आला. पण रोजच्या बोलण्यात आशा सोडली, नाद सोडला, इतकाच अर्थही असतो. नातीला जे कळायला हवं होतं ते नेमकं हेच. शेतजमिनीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र करून त्याची नोंदणी करावी लागते. आजीनं तसं काही केलं होतं का?

इथे अंदाज करायचा नाही. बाईंनी पत्र लिहिणाऱ्यांना फोन लावून विचारलं. ते म्हणाले, 'छे, सही कशावर केली नाही हो. मागायचं सोडलं एवढंच.' धाकट्यानं आधी मदत करतो म्हणून सांगितलं होतं, हेही तेव्हाच कळलं. 'ऐन वेळी' या शब्दांत ते दडलेलं होतं. थोरल्याच्या हेतूबद्दल मात्र त्यांनाही सांगता आलं नाही.

मग आम्ही मिळून लिहिलं ते असं:

'दुकान थोरला मुलगा चालवत होता. त्याच्या कारभारामुळे ते तोट्यात जाऊन बंद पडलं. त्यानं ते मुद्दाम केलं की त्याला जमलं नाही, हे माहीत नाही. सावकाराचं कर्ज फेडायची वेळ आली तेव्हा धाकट्या मुलानं, आधी कबूल केलेलं असूनही, मदत करायला नकार दिला. त्याच्याकडे पैसे होते की नव्हते, हे पत्रात नाही. थोरला सावकाराला फसवून, कर्ज न फेडता, गाव सोडून गेला. त्यानंतर आईनं शेतातला आपला वाटा मागणं सोडून दिलं. हक्क सोडल्याच्या कोणत्याही कागदावर तिनं सही केलेली नाही. तिनं याबद्दल कोणाकडेही तक्रार केली नाही.'

एका वाक्याची नऊ वाक्यं झाली. मुलं आणि आई असं नातं लिहिलं, कारण 'थोरला', 'धाकटा', 'म्हातारी' यांवरून परक्या वाचकाला ते उलगडत नाही. क्रियांचा कर्ता प्रत्येक वेळी लिहिला. माहीत नाही तिथे माहीत नाही असंच लिहिलं. अनुवादकाला गुळगुळीत वाक्य दिलं की तो मधली फट स्वतःच्या कल्पनेनं भरतो.

तपासायचं कसं? हा मजकूर मूळ पत्र न पाहिलेल्या माणसाला द्यायचा आणि विचारायचं: कर्ज फिटलं का? कोणी कोणाला मारलं का? जमीन कोणाच्या हक्काची आहे? तीनही उत्तरं बरोबर आली तर मजकूर पास.

मागच्या रांगेतून एक जण विचारताहेत, यात पत्रातला राग कुठे गेला? गेला, खरं आहे. 'तीनतेरा'त चीड आहे, 'हातावर तुरी' म्हणताना सावकाराची थोडी फजितीही चाखलेली आहे, आणि 'ब्र काढला नाही' यात म्हातारीबद्दल कळवळा आहे. तो सपाट मजकुरात मावत नाही. कथा-कादंबरीचा अनुवाद असता तर हा मजकूर अनुवाद म्हणून छापणं चूक ठरलं असतं. तो फक्त अनुवादकाच्या हाताशी ठेवायचा कागद आहे. आम्ही खाली एक ओळ जोडली: 'लिहिणाऱ्याचा दोन्ही मुलांवर राग आहे, आईबद्दल त्याला वाईट वाटतं.' आणि मूळ वाक्य जसंच्या तसं शेजारी ठेवलं.

नातीला ते सगळं पोचलं. तिचा पहिला प्रश्न जमिनीबद्दल नव्हता. तिनं विचारलं, हा 'ब्र' म्हणजे नक्की काय? बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, एक अक्षर. 'नाही' बरोबर असल्याशिवाय ते सहसा बाहेर पडत नाही.