सहा हजारांची गिटार, आणि तिची मान

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जुनी घड्याळं, पाने-पक्कड, रेडिओचे सांगाडे यांच्या गर्दीत कधी कधी एखादी इलेक्ट्रिक गिटार उभी दिसते. अकरावीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. शेजारच्या दोन मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने पाच महिन्यांत सहा हजार रुपये साठवले होते. एका स्टॉलवरच्या लाल गिटारवर तिचा जीव जडला होता, आणि मालकाने किंमत सांगितली होती साडेपाच हजार.

टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या तिच्या मामाने आधी तिला कागदावर हिशेब मांडायला लावला. इलेक्ट्रिक गिटारचं अंग बहुधा भरीव लाकडाचं असतं, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरशिवाय ती जेमतेम कुजबुजते. तेव्हा जुना छोटा अ‍ॅम्प सतराशे, तारांचा नवा संच पाचशे, केबल तीनशे. गिटारसाठी उरले साडेतीन हजार. लाल गिटार तिथेच हिशेबाबाहेर गेली. तरी रविवारी दोघं गेलेच. घासाघीस करायला कोण अडवतंय?

“ताई, एकदम चालू कंडिशन,” स्टॉलवाले काका म्हणाले. मुलीने गिटारची मान तपासायला घेतली. ताणलेल्या सहा तारा मिळून मानेला जवळपास चाळीस किलोच्या जोराने ओढत असतात. या ओढीने मान वाकू नये म्हणून तिच्या पोटात पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. वाक ओळखायला साधन लागत नाही. सर्वांत जाड तार पहिल्या पट्टीवर आणि मान जिथे अंगाला जुळते तिथल्या पट्टीवर, अशी एकाच वेळी दाबायची. ताणलेली तार सरळच असते, म्हणजे तीच फूटपट्टी झाली. मधल्या, साधारण सातव्या पट्टीवर तिच्याखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. लाल गिटारमध्ये रुपयाचं नाणं आरामात गेलं.

एवढ्याने गिटार बाद होत नाही. सळईचा नट आवळून वाक काढता येतो. पण मामाने अ‍ॅलन की लावली तर ती नुसतीच फिरली. नटाचे कोपरे झिजून गोल झाले होते, म्हणजे आधी कुणीतरी जोर करून पाहिला होता. असली मान दुरुस्त करणं या किमतीच्या गिटारला परवडत नाही. रंग कितीही चकाकता असो, ती सोडायची.

मागे एक काळी गिटार पडली होती. ओरखडे भरपूर, पण मान जवळपास सरळ. मालकाने प्रामाणिकपणे सांगितलं, “हिचा आवाज येत नाही.” माझ्या मते जुन्या बाजारातलं हे सर्वांत उपयोगी वाक्य आहे, कारण आवाज नसल्याने किंमत उतरते आणि कारण बहुतेकदा किरकोळ असतं.

तारांखाली बसवलेले पिकअप म्हणजे लोहचुंबकांभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत किंचित वीज उपजते. अ‍ॅम्प तीच मोठी करतो. वेढा कुठे तुटला तर पिकअप मेला. मामाने व्हॉल्यूम पूर्ण ठेवून केबल लावण्याच्या जॅकवर मल्टिमीटर धरला. काहीच आकडा नाही. मग दोन स्क्रू काढून जॅकची पट्टी उचलली, तर टाका सुटून एक वायर लोंबत होती. मीटरची टोकं थेट वायरींना लावून मुलीने पाच टप्प्यांचा स्विच फिरवला. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या टप्प्यावर सुमारे सहा हजार ओहम. दुसऱ्या आणि चौथ्यावर तीन हजार, कारण तिथे दोन पिकअप समांतर जोडले जातात. म्हणजे तिन्ही पिकअप जिवंत.

मामा काही बोलला नाही, पट्टी परत बसवली. “काका, अडीच हजार देते.” ओढाताण होऊन सौदा बत्तीसशेवर तुटला.

घरी एका टाक्यात आवाज आला. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना होणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने गेली. अ‍ॅम्पमधून बारीक गुणगुण मात्र राहिली. तारांना हात लावला की ती कमी व्हायची. एकेरी वेढ्याच्या पिकअपना ही खोड असतेच, आणि हात लावल्यावर ती घटते याचा अर्थ अर्थिंग ठीक आहे.

खरी उणीव दुसऱ्या दिवशी कळली. पहिल्या तीन पट्ट्यांवर तारांनी खाचा पाडल्या होत्या आणि तिथे सूर झणझणत होता. पट्ट्या घासून सारख्या करून घ्याव्या लागणार होत्या. वाचलेले तीनशे त्याला पुरणार नव्हते, म्हणून पुढच्या महिन्याच्या शिकवणीचे पैसे तिने त्यासाठी बाजूला काढले, आणि तोवर चौथ्या पट्टीपासून पुढेच वाजवत राहिली.