मांडीचे दुखणे आणि हाडांची गोळी

वयस्क स्त्रियांच्या औषधाच्या डब्यात आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी हल्ली पुष्कळ घरांत आढळते. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, असा तिचा नियम असतो. या गोळीचे नाव अलेंड्रोनेट. रिसेड्रोनेट, आयबँड्रोनेट आणि वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक ॲसिड ही तिचीच भावंडे होत. या सर्वांना मिळून बिसफॉस्फोनेट म्हणतात. हाडे ठिसूळ झाल्यामुळे होणारे मनगटाचे, मणक्याचे व खुब्याचे अस्थिभंग या औषधांनी बरेच कमी होतात, याविषयी शंका नाही. मात्र तीच गोळी वर्षानुवर्षे, कोणाही डॉक्टरांनी फेरविचार न करता चालू राहिली, तर क्वचित एक उलटा प्रकार घडतो. तो वेळीच कसा ओळखावा, हे सभासद भगिनींना आणि वैद्यकीय शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना समजावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हाडाचा स्वभाव पाहू. हाड हे लाकडाच्या ओंडक्यासारखे मृत नसते. रोजच्या चालण्या-बसण्याने त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे पडत असतात. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी तो तडकलेला भाग कुरतडून काढतात आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी तेथे नवे हाड भरतात. गवंडी जुना, पोकळ झालेला गिलावा आधी खरवडतो आणि मग नवा लावतो, तसेच हे आहे. पाळी गेल्यानंतर खरवडणारे जास्त होतात व भरणारे कमी पडतात, म्हणून हाड विरळ होते. बिसफॉस्फोनेट हाडातील कॅल्शियमच्या क्षारांना चिकटून बसते आणि खरवडणाऱ्या पेशींना थोपवते. हाड वाचते ते यामुळेच. परंतु खरवडणेच फार काळ थांबले, तर पडलेले तडेही दुरुस्त होत नाहीत. ते साचत जातात.

असे तडे साचण्याची मुख्य जागा म्हणजे मांडीचे हाड, फीमर. हे हाड अगदी सरळ नसून किंचित बाकदार असते. आपण उभे राहिलो की शरीराच्या भाराने त्याच्या आतल्या बाजूवर दाब येतो आणि बाहेरच्या बाजूवर ताण पडतो. वाकवलेल्या फांदीची बाहेरची साल आधी तडकते, त्याप्रमाणे येथेही तडा बाहेरच्या कठीण कवचात सुरू होतो आणि आडवा आत सरकतो. एके दिवशी उंबरा ओलांडताना किंवा नुसते वळताना हाड खडूप्रमाणे आडवे मोडते. पडल्यामुळे हाड मोडले असे येथे होत नाही. पुष्कळदा हाड आधी मोडते आणि बाई नंतर पडते. २००५ साली अशा रुग्णांची पहिली नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. २०१० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या माहितीपत्रकात याविषयीचा इशारा घालावयास लावला.

आता एक उदाहरण घेऊ. ही हकीकत एका विशिष्ट व्यक्तीची नाही. अशा रुग्णांत नेहमी जे घडते, तेच एका मावशींच्या रूपाने येथे मांडले आहे.

मावशींचे वय ६७. वयाच्या ५९ व्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे मनगट मोडले. तेव्हापासून दर रविवारी अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी त्या नेमाने घेत आल्या. आठ वर्षे झाली. मूळ चिठ्ठी कधीच जीर्ण झाली, दुकानदार ओळखीचा, गोळी मिळत राहिली. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या मांडीच्या बाहेरील अंगाला, मध्यावर, खोलवर ठणका सुरू झाला. बसल्यावरून उठून पहिली पावले टाकताना आणि जिना चढताना तो जास्त, पडून राहिले की कमी. मार लागलेला नव्हता, सूज नव्हती, तापही नव्हता. घरच्यांनी वात म्हणून तेल चोळले. मग दवाखान्यात नेले. कमरेचा एक्स-रे काढला, त्यात वयानुरूप झीज दिसली आणि सायटिकाचे औषध सुरू झाले. पुढे गुडघ्याचा एक्स-रे झाला, तोही ठीक निघाला.

चूक होते ती नेमकी येथे. कमरेच्या व खुब्याच्या चित्रात मांडीचे हाड वरच्या थोड्या भागापुरतेच येते आणि गुडघ्याच्या चित्रात खालच्या टोकापुरते. तडा असतो मधल्या भागात, जो कोणत्याच चित्रात येत नाही. हा अस्थिभंग होण्यापूर्वी सुमारे दहापैकी सात रुग्णांना काही आठवडे किंवा महिने मांडीत अथवा जांघेत दुखत असते. म्हणजे शरीर आगाऊ सूचना देत असते, ऐकणारा हवा. म्हणून बिसफॉस्फोनेट दीर्घकाळ घेणाऱ्या व्यक्तीची मांडी किंवा जांघ दुखू लागली, तर खुब्यापासून गुडघ्यापर्यंत संपूर्ण मांडीचा एक्स-रे काढावा, आणि तो दोन्ही पायांचा काढावा. दुसऱ्या मांडीतही असाच बिघाड असणे मुळीच दुर्मीळ नाही, मग ती दुखत असो वा नसो.

मावशींच्या बाबतीत अखेर तसे चित्र काढले गेले. उजव्या हाडाच्या बाहेरील कवचावर एके ठिकाणी पक्ष्याच्या चोचीसारखा लहानसा उंचवटा दिसला. तडा सांधण्याच्या प्रयत्नात हाडाने तेथे घातलेली ती भर होती. त्या उंचवट्यातून आत जाणारी एक बारीक, आडवी काळी रेघ दिसली. हीच धोक्याची रेघ. डाव्या हाडावर तशाच जागी किंचित फुगवटा होता, पण रेघ नव्हती. एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही आणि दुखणे मात्र खरे असले, तर एमआरआय करावा लागतो. त्यात कवचाभोवतीची व मज्जेतील सूज आधीच कळते. डाव्या मांडीच्या एमआरआयमध्ये ती आढळली नाही.

मग उपाय काय केला? गोळी त्याच दिवशी बंद झाली. उजव्या पायावर भार देणे थांबवले. काळी रेघ आणि वेदना दोन्ही असल्याने हाड पूर्ण मोडण्याची वाट न पाहता त्याच्या पोकळीत धातूचा लांब दांडा बसवण्यात आला. दांडा संपूर्ण हाडभर असावा लागतो, कारण कमकुवत भाग केवळ तड्यापुरता नसतो. डाव्या पायावर जपून भार देण्यास सांगितले आणि ठराविक अंतराने पुन्हा चित्र काढायचे ठरले. रक्तातील ड जीवनसत्त्व तपासून ते व कॅल्शियम यांची कमतरता भरून काढली. हे अस्थिभंग सावकाश भरतात, म्हणून धीर धरावा लागतो. मावशींना ही औषधे पुन्हा देऊ नयेत, हाडाची झीज निराळ्या मार्गाने थोपवणारे डेनोसुमॅबही टाळावे आणि गरज पडल्यास नवे हाड घडवणाऱ्या टेरिपॅराटाइडचा विचार करावा, असे ठरले.

याच औषधांचा दुसरा दुर्मीळ परिणाम जबड्यावर होतो. त्याची पहिली नोंद २००३ साली झाली. दात काढल्यानंतर खड्डा भरून येत नाही, हिरडीतून उघडे हाड दिसत राहते. अशा रुग्णाच्या जबड्याला कधी किरणोपचार झालेले नसतील आणि हाड आठ आठवड्यांहून अधिक काळ उघडे राहिले, तर या विकाराचे निदान करतात. येथे मात्रेचा फरक ध्यानात घ्यावा. हाडात पसरलेल्या कर्करोगासाठी झोलेड्रोनिक ॲसिड दर तीन-चार आठवड्यांनी देतात. जबड्याचे बहुतेक रुग्ण त्या गटातले असतात. ठिसूळ हाडांसाठी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण हजारात एकाहूनही कमी आहे. त्यामुळे गोळी चालू आहे म्हणून किडलेला दात तसाच ठेवणे चुकीचे ठरते, कारण जंतुसंसर्ग हेच जबडा बिघडण्याचे मोठे कारण आहे. दंतवैद्यांना गोळीचे नाव व ती किती वर्षे चालू आहे हे सांगावे, आणि औषध सुरू करण्यापूर्वीच दातांची कामे उरकून घ्यावीत.

हे वाचून कोणी उद्याच गोळी फेकून देईल, तर लेखाचा उद्देश फसला असे होईल. दक्षिण कॅलिफोर्नियातील सुमारे १ लाख ९६ हजार स्त्रियांचा मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यावरून काढलेला हिशेब असा की, दहा हजार गौरवर्णीय स्त्रियांनी तीन वर्षे औषध घेतले तर खुब्याचे १४९ अस्थिभंग टळतात आणि मांडीचे हे विचित्र अस्थिभंग २ होतात. आशियाई वंशाच्या स्त्रियांत ९१ टळतात आणि ८ होतात. म्हणजे फायदा आपल्याकडेही स्पष्ट आहे, पण पारडे तितके झुकलेले नाही. त्याच अभ्यासात असेही दिसले की, औषध घेण्याची वर्षे वाढतात तसा धोका वाढत जातो आणि औषध थांबवल्यावर तो झपाट्याने उतरतो.

औषधाला सुट्टी देण्याची कल्पना यातूनच आली. अलेंड्रोनेट हाडात वर्षानुवर्षे साठून राहते व थोडे थोडे सुटत असते. त्यामुळे गोळी थांबवली तरी संरक्षण एकदम जात नाही. पाच वर्षे गोळी घेतलेल्या स्त्रियांचे दोन गट करून केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने गोळी आणखी पाच वर्षे घेतली, दुसऱ्याला औषधविरहित गोळी दिली. मणक्याखेरीज इतर अस्थिभंग दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच झाले. मात्र लक्षणे देणारे मणक्याचे अस्थिभंग गोळी चालू ठेवणाऱ्यांत २.४ टक्के, तर थांबवणाऱ्यांत ५.३ टक्के होते. अर्थ असा की, सुट्टी पुष्कळांना मानवते, सर्वांना नाही.

म्हणून तोंडी गोळीची पाच वर्षे किंवा वार्षिक इंजेक्शनची तीन वर्षे झाली की थांबून हिशेब मांडावा. समजा, एका ६४ वर्षांच्या बाईंचा एकही अस्थिभंग झालेला नाही आणि डेक्सा तपासणीत खुब्याचा टी-स्कोअर उणे १.८ आहे. त्यांना दोन-तीन वर्षांची सुट्टी देऊन पुन्हा तपासता येते. दुसऱ्या बाई ७६ वर्षांच्या, मणका एकदा दबलेला, टी-स्कोअर उणे २.८. त्यांना सुट्टी देणे धोक्याचे. त्यांनी गोळी दहा वर्षांपर्यंत चालू ठेवणे किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध बदलणे योग्य. एक सावधगिरी मात्र जरूर बाळगावी. सुट्टीचा हा नियम डेनोसुमॅबच्या सहामाही इंजेक्शनला लागू नाही. ते हाडात साठत नाही, आणि पर्यायी औषध न देता थांबवल्यास मणके एकापाठोपाठ एक मोडू शकतात.

तेव्हा घरी गेल्यावर एवढे करावे. डब्यातील गोळीचे नाव वाचावे, ती कोणत्या वर्षी सुरू झाली ते चिठ्ठीवर लिहून डब्यातच ठेवावे. पाच वर्षे उलटली असतील तर डॉक्टरांना ती चिठ्ठी दाखवावी. आणि आई, आजी किंवा मावशी मांडी दुखते म्हणाल्या, तर तेल चोळण्याआधी त्यांना विचारावे, "रविवारची गोळी किती वर्षे चालू आहे?"