बॅटरी नवी, तरी सेल्फ लागेना

पावसाळ्यात उभी राहिलेली किंवा भिजत फिरलेली मोटरसायकल कधीतरी दगा देते. सेल्फचं बटण दाबलं की नुसतं ‘खट्’ होतं, किंवा इंजिन अर्धा फेरा कण्हत फिरतं आणि थांबतं. संशय पहिल्यांदा बॅटरीवर जातो. नवी बॅटरी येते, ती पूर्ण भरलेली असल्यामुळे काही दिवस काम भागतं आणि मग तेच रडगाणं पुन्हा सुरू होतं. खरा दोष बॅटरीत आहे, चार्जिंगमध्ये आहे की मधल्या वायरिंगमध्ये, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर ते सांगतो, फक्त त्याला प्रश्न योग्य वेळी विचारावा लागतो.

मीटरची काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात आणि लाल वायर व्होल्टच्या भोकात घाला. चकती डीसी व्होल्टच्या 20 या आकड्यावर ठेवा. लाल वायरसाठी शेजारीच 10 अँपिअरचं वेगळं भोक असतं, तिथे ती चुकूनही ठेवू नका. त्या भोकात वायर असताना प्रोब बॅटरीला टेकवले, तर मीटर म्हणजे बॅटरीच्या दोन टोकांमध्ये टाकलेली जाड तारच होते. फ्यूज उडतो आणि स्वस्त मीटर तर जळूनही जातो.

आधी बॅटरी पाहू. गाडी चालवून आल्या आल्या मोजलेला आकडा फसवा असतो, कारण नुकत्या झालेल्या चार्जिंगमुळे तो थोडा वर राहतो. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजावं. शिसं-आम्लाच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा साधारण 2.1 व्होल्ट देतो. त्यामुळे पूर्ण भरलेली बॅटरी 12.6च्या आसपास दाखवते, सीलबंद असेल तर 12.8पर्यंत. 12.2 म्हणजे जवळपास निम्मी, आणि 12च्या खाली गेली की ती चार्जरवर लावल्याशिवाय पुढची कोणतीही तपासणी करण्यात अर्थ नाही.

पण उभ्या गाडीत 12.6 दिसणं ही अर्धीच परीक्षा आहे. प्रोब तसेच धरून सेल्फ मारा. निरोगी बॅटरी 10च्या वर टिकते. ती 9च्या खाली कोसळली, तर आतल्या प्लेटा थकल्या आहेत. उभ्याने दिसणारा चांगला आकडा मग काही कामाचा नाही.

चार्जिंगची तपासणीही बॅटरीच्या टोकांवरच होते. इंजिन सुरू करून रेस चार-पाच हजार फेऱ्यांपर्यंत न्या. आकडा 13.8 ते 14.5च्या दरम्यान स्थिरावला पाहिजे. तो 12.5वरच रेंगाळून हळूहळू उतरत असेल, तर बॅटरी भरतच नाहीये. उलट 15च्या वर चढत असेल, तर रेग्युलेटर आपलं काम सोडून बसला आहे. अशाने बॅटरी उकळते आणि बल्ब उडत राहतात. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येतंय का’ पाहण्याची जुनी सवय काही हातांना अजून आहे. ती सोडायलाच हवी. बॅटरी दूर होताच व्होल्टेज एकदम उसळतं. 2020नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये त्या एका उसळीने महागडा ईसीयू जाऊ शकतो.

आता वायरिंग. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण वायर तपासायची म्हणजे मीटर बीपवर ठेवून दोन टोकांना लावायचं, अशी समजूत आहे. बीप वाजला की वायर चांगली! पण बीपच्या तपासणीत मीटर वायरमधून अगदी किरकोळ करंट सोडतो. वायरचे सगळे धागे तुटून एकच उरला असला, तरी तेवढ्याला तो पुरतो. सेल्फ मोटर मात्र कित्येक दहा अँपिअर मागते. चोंदलेल्या पाइपचंही असंच असतं. नळ बंद असताना दाब पूर्ण दिसतो, नळ उघडल्यावर धार बारीक होते.

हिशेब करून बघा. एखाद्या गंजलेल्या सांध्यात 0.03 ओहम इतका अडथळा आहे. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याहून कितीतरी जास्त असतो, त्यामुळे ओहमवर ठेवलेल्या मीटरला हा दोष दिसणारच नाही. पण त्यातून 60 अँपिअर जाऊ लागले की 0.03 गुणिले 60, म्हणजे 1.8 व्होल्ट तिथेच जिरतात. म्हणून हा दोष शोधायचा तो करंट वाहत असतानाच, आणि मोजायचे तेही व्होल्टच.

दीडशे सीसीच्या एका गाडीचं उदाहरण घेऊ. बॅटरी नवी, उभ्याने 12.7 दाखवते, तरी सेल्फ कण्हतो. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर 11.2 मिळाले, म्हणजे बॅटरी निर्दोष. मग मोटरच्या जाड वायरचा बोल्ट आणि मोटरची धातूची बॉडी यांच्यामध्ये मोजलं, तर 9.1च. वाटेत 2.1 व्होल्ट गायब झाले आहेत.

ते कुठे गेले हे शोधायला लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि काळा मोटरच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारला. मीटर 0.3 दाखवतो. वायर, रिले आणि सांधे धरून एवढं चालतं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं असतं तर रिले संशयित ठरला असता. मग लाल प्रोब मोटरच्या बॉडीवर आणि काळा बॅटरीच्या मायनसवर. आकडा 1.8! अर्थिंगच्या बाजूला 0.2च्या वर जायलाच नको.

आता तुकड्या-तुकड्याने पुढे जायचं. मायनसच्या शिशाच्या खुंटीपासून वायरच्या थिंबलपर्यंत शून्य. एका थिंबलपासून दुसऱ्या टोकाच्या थिंबलपर्यंत 0.1. आणि त्या दुसऱ्या थिंबलपासून इंजिनच्या धातूपर्यंत 1.7. दोष सापडला: इंजिनवर अर्थिंगची वायर आवळणारा एकच बोल्ट. तो उघडल्यावर खाली हिरवट मळ आणि गंज. बॅटरीची मायनस वायर काढून ठेवून दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत करायचे, बोल्ट घट्ट आवळायचा आणि वरून पेट्रोलियम जेली लावायची.

पुन्हा मोजताना एक गोष्ट पाहून गोंधळू नका. अर्थिंगच्या बाजूचा तोटा 0.1वर आला, पण बॅटरीच्या टोकांवरचा आकडा 11.2वरून 10.7वर उतरला. हे बरोबर आहे. वाट मोकळी झाल्यामुळे मोटर जास्त करंट ओढते आहे, तिला आता 10.2 व्होल्ट मिळताहेत आणि इंजिन झटक्यात फिरतं आहे.

हे मोजमाप करताना गाडी न्यूट्रलमध्ये हवी. बटण एका वेळी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये, मध्ये मिनिटभर थांबावं, नाहीतर मोटर तापते. इंजिन लगेच सुरू झालं तरी हरकत नाही, मात्र सेल्फ फिरतानाचाच आकडा धरायचा.

हीच पद्धत चार्जिंगलाही लागू पडते. बॅटरीवर 13.1 दिसताच रेग्युलेटर बदलायला निघण्याआधी, रेस दिलेली असताना रेग्युलेटरच्या बाहेर येणाऱ्या प्लसच्या तारेपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजा, आणि त्याच्या अर्थिंगपासून मायनसपर्यंतही. यांपैकी कुठे एक व्होल्ट हरवत असेल, तर रेग्युलेटर 14च्या वर देतोच आहे. आधी त्याचा कपलर उघडून पाहा. आतली पिन काळवंडलेली किंवा प्लास्टिक वितळलेलं असेल, तर नवा रेग्युलेटर त्याच कपलरमध्ये बसवूनही आकडा 13.1च राहील.