चार बाय सातची मैफल

फ्लॅटमधलं बाथरूम बहुतेक वेळा चार फूट रुंद आणि सात फूट लांब असतं. वर माळा काढलेला असला तर छत आठ फुटांवर येतं. चारही भिंतींना वरपर्यंत टाइल्स, खाली टाइल्स, एक आरसा आणि दाराआड टांगलेला टॉवेल. गादी, पडदा, सोफा, कपड्यांचं कपाट असं आवाज गिळणारं काहीच तिथे नसतं. एरवी चार लोकांत तोंड न उघडणारा माणूस या एवढ्याशा जागेत मोकळ्या गळ्याने गातो, आणि तिथे त्याला स्वतःचा आवाज आवडतोही. हा त्याचा नुसता भास नाही. त्या खोलीत आवाज खरोखरच वेगळा होतो.

खोलीत आवाज किती काळ रेंगाळतो हे पद्धतशीरपणे मोजलं हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने. १८९५ साली विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं गेलं होतं, पण तिथे वक्त्याचा एक शब्द विरायच्या आत पुढचे शब्द त्यावर येऊन पडत आणि ऐकणाऱ्यांना काहीच कळत नसे. सॅबाइन रात्रीच्या शांततेत तिथे ऑर्गनची एक नळी वाजवायचा, ती थांबवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचा. रिकाम्या सभागृहात साडेपाच सेकंद लागत. जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवल्या, की हा वेळ कमी होई. त्यातून त्याने नियम बसवला: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि आवाज शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका तो लवकर विरतो.

हा नियम आपल्या चार बाय सातच्या खोलीला लावून पाहू. खोली लहान आहे, त्यामुळे आवाज लवकर विरायला हवा. पण टाइल आपल्यावर आदळलेल्या आवाजातला शंभरात जेमतेम दोन भाग शोषते, बाकीचा परत फेकते. सगळ्या टाइल्स मिळून जेवढा आवाज शोषतात, साधारण तेवढा तर आत उभा असलेला माणूस एकटाच शोषतो. त्याच्यासकट आणि टॉवेलसकट हिशेब केला तर आवाज विरायला जवळपास एक सेकंद लागतो. गादी, पडदे आणि कपाट असलेल्या बेडरूममध्ये हाच वेळ साधारण अर्ध्या सेकंदावर येतो.

गाणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. एक सेकंद रेंगाळणारा स्वर पुढच्या स्वरात मिसळतो आणि दोन स्वरांमधली फट बुजून जाते. श्वास घ्यायला थांबलात तरी मागचा स्वर अजून हवेत असतो, त्यामुळे ओळ तुटल्यासारखी वाटत नाही. एखादा स्वर किंचित उतरला तरी त्याची कड बोथट होते. शिवाय भिंती इतक्या जवळ असतात, की परत येणारा आवाज मूळ आवाजाला चिकटूनच कानावर पडतो. वेगळा प्रतिध्वनी न वाटता तो आपल्याच आवाजाचा भरदारपणा वाटतो.

दुसरी गंमत पट्टीची आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक स्वर नेमके बसतात आणि तेवढेच फुगून ऐकू येतात. चार फुटांच्या रुंदीत असा सगळ्यात खालचा स्वर सेकंदाला सुमारे १४२ कंपनांचा असतो. छत आठ फुटांवर, म्हणजे रुंदीच्या बरोबर दुप्पट असलं, तर उभ्या दिशेनेही तोच स्वर बसतो आणि त्याला दोन्हीकडून जोर मिळतो. पेटीवर हा स्वर काळी एक आणि पांढरी दोन यांच्यामध्ये येतो. कितीतरी पुरुषांचा षड्ज याच परिसरात असतो. सात फुटांची लांबी आणि भिंतींच्या तिरक्या जोड्या आणखी काही स्वर उचलतात. बायकांच्या पट्टीत, काळी चारच्या आसपास आणि वर, असे स्वर अधिक जवळजवळ येतात. हे स्वतः तपासता येतं. दार लावून अगदी खालच्या आवाजात हुंकार धरायचा आणि तो हळूहळू वर सरकवत न्यायचा. एका ठिकाणी अचानक सगळी खोली घुमते. आपण रोज नकळत तिथेच जाऊन गाणं धरत असतो.

यात पाण्याची भर पडते. शॉवर किंवा बादलीत पडणाऱ्या नळाचा आवाज बारीक चुका झाकतो, आणि त्याच वेळी गाणाऱ्याला जोर लावायला भाग पाडतो. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी १९११ साली नोंदवलं. चढवलेल्या आवाजामागे श्वासाचा दाब जास्त असतो, त्यामुळे स्वर कापत नाही आणि त्याला धार येते. एखाद्या घरात लक्ष देऊन ऐका: बादली भरून नळ बंद झाला, की गाणाराही आपसूक खाली येतो, आणि बरेचदा त्याची ओळ गुणगुणण्यावर विरते.

आता हाच माणूस दिवाणखान्यात आणा. जेवणं झाली आहेत, मावशी म्हणतात, "अरे, म्हण ना एखादं!" आणि दहा चेहरे त्याच्याकडे वळतात. खोली आवाज परत देत नाही, पाणी नाही, सगळे गप्प. छातीची धडधड वाढते, तोंड कोरडं पडतं, खांदे वर जातात आणि श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो. गळ्याचे स्नायू आवळले, की स्वर चढतो. त्यामुळे तो नेहमीच्यापेक्षा वरच्या पट्टीत सुरुवात करतो आणि त्याला ते कळतही नाही. मुखडा निभावतो. अंतरा तार षड्जाकडे निघतो तेव्हा वर जागाच उरलेली नसते आणि आवाज फाटतो. लोकांना वाटतं, याला गाता येत नाही. त्यालाही तेच वाटतं. खरी चूक गाण्याच्या पहिल्या स्वरातच झालेली असते.

शिवाय बहुतेकांना गाणं पूर्ण येतच नसतं. बाथरूममध्ये मुखडा आणि अर्धा अंतरा पुरतो, उरलेलं 'ला ला ला'वर भागतं, आणि चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. लोकांसमोर यातलं काहीच चालत नाही. पाहणारं कोणी असलं, की पक्कं बसलेलं काम अधिक चांगलं होतं आणि कच्चं काम अधिक बिघडतं, असं रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडलं. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे पूल टेबलावर पाहिलं. टेबलाभोवती चारजण येऊन उभे राहिले तेव्हा चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके शंभरात ७१ वरून ८० वर गेले आणि कच्च्यांचे ३६ वरून २५ वर आले. तयारीच्या गवयाला समोर श्रोते बसले की रंग चढतो आणि आपला घसा बसतो, तो याच नियमाने.

लाजेचं मूळ मात्र याहून खोल आहे. तबला किंवा पेटी चुकली तर बोट चुकलं म्हणता येतं. आवाज हा शरीराचाच भाग असल्यामुळे त्याला ठेवलेलं नाव थेट आपल्याला लागतं. मोठेपणी न गाणाऱ्या कितीतरी जणांच्या मनात शाळेतलं एक वाक्य रुतून बसलेलं असतं: "तू मागे उभी राहा, नुसते ओठ हलव." आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सूर अजून जुळवता येत नसला, तरी तो सरावाने जुळू शकतो. त्या वाक्याने तो सरावच थांबतो. मला हे फार वाईट वाटतं, कारण असा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो.

तो चुकीचा आहे असं म्हणायला आधार आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये सिमोने दाला बेला आणि इझाबेल पेरेझ यांच्या गटाने २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक संशोधक बागेत फिरणाऱ्यांना गाठून सांगायचा, आज माझा वाढदिवस आहे आणि लोकांकडून गाणं म्हणवून घेण्याची मी मित्रांशी पैज लावली आहे. क्वेबेकमध्ये वाढदिवसाला म्हणतात त्या परिचित गाण्याचं ध्रुवपद प्रत्येकजण एकट्याने म्हणायचा आणि ते ध्वनिमुद्रित व्हायचं. मग प्रत्येक स्वर संगणकावर मोजला गेला. संगीत न शिकलेले बहुतेक लोक बऱ्यापैकी सुरात होते. ज्यांचे स्वर जास्त हुकत होते, ते जास्त भरभर गात होते. यानंतर काहीजणांना प्रयोगशाळेत बोलावून तेच गाणं संथ लयीत म्हणायला लावलं, तेव्हा त्यांच्याही चुका कमी झाल्या. ज्यांना स्वरांतला फरक जन्मतःच कळत नाही, अशी माणसं असतात, पण शंभरात चारांहूनही कमी.

भीतीने माणूस नेमकं हेच करतो. गाणं एकदाचं संपावं म्हणून घाई करतो, आणि घाईने सूर सुटतो.

गणपतीच्या आरतीत मात्र हीच माणसं खणखणीत गातात. झांजा आणि टाळ्या पाण्याच्या आवाजाचं काम करतात, शब्द लहानपणापासून पाठ असतात, आणि सगळ्यांची तोंडं मूर्तीकडे असतात. गाणाऱ्याकडे कोणीच पाहत नसतं. आवाज ऐकू जाण्यापेक्षा माणसाला टक लावून पाहणारे चेहरे जास्त अडवतात, असं मला यावरून वाटतं. ओट्यापाशी पाठ करून फोडणी देताना घरभर ऐकू जाईल असं गाणारी बाई, हॉलमध्ये आग्रह झाला की "मला नाही येत" म्हणते, त्यामागेही हेच असावं.

कोणाला चारचौघांत एक गाणं म्हणायचं असेल, तर आधी फोनवर तीच ओळ दोनदा रेकॉर्ड करावी, एकदा बाथरूममध्ये आणि एकदा पडदे ओढलेल्या बेडरूममध्ये. पहिल्यांदा ऐकताना आवाज पातळ आणि परका वाटेल. रोज आपण आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, त्यातून खालचे स्वर भरीव होतात, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. इतरांना तुमचा आवाज नेहमी तसाच ऐकू येतो आणि तुमच्याशी बोलताना त्यांना तो कधी खटकलेला नाही. आवाज कसा आहे याकडे लक्ष न देता ओळ कुठे उतरली, कुठे पळाली तेवढंच पाहावं. पडद्यांच्या खोलीत ते स्वच्छ कळतं.

आणि पट्टी सुरुवातीच्या शब्दावरून ठरवू नये. गाण्यातली सगळ्यात उंच जागा कोणती ते आधी शोधावं, बसल्या जागी मनातल्या मनात किंवा अगदी हळू ती गाऊन पाहावी. गळा न ताणता ती लागली, की तिथून उतरत मुखड्यावर यावं आणि त्या स्वरावर, नेहमीपेक्षा थोड्या संथ लयीत, गाणं धरावं. सुरुवात फार खाली वाटेल. ती तशीच राहू द्यावी.